तासाची कँडल कुठून मोजायची?

बाजारात कँडल नावाची वस्तू नसते. तिथे फक्त सौदे होतात: अमुक वेळेला, अमुक भावाने, अमुक शेअर. ही सौद्यांची रांग कुठे तोडायची हे चार्ट बनवणारा ठरवतो. त्यामुळे ‘माझ्या चार्टवर लाल, त्याच्या चार्टवर हिरवी, मग चूक कोणाची?’ असं कुणी विचारलं, की मी आधी दोघांनाही दिवसातली दुसरी कँडल किती वाजता सुरू होते ते बघायला सांगतो. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

एनएसईवर शेअरचे नेहमीचे व्यवहार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 चालतात. म्हणजे सव्वासहा तास. याचे तासातासाचे तुकडे पाडले की पंधरा मिनिटं उरणारच, आणि ती कुठे ढकलायची याच्या तीन रीती आहेत. काही चार्ट 9:15 पासून मोजतात; त्यांची दुसरी कँडल 10:15 ला सुरू होते आणि शेवटची पंधरा मिनिटांची असते. काही घड्याळाच्या ठोक्यावर तोडतात; त्यांची पहिली कँडल पाऊण तासाची, दुसरी 10 वाजता आणि शेवटची अर्ध्या तासाची. तिसरी रीत यूटीसी वेळेवर मोजणाऱ्या सर्व्हरची. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि त्यातला वरचा अर्धा तास सगळा घोळ घालतो. तिकडे तास भरतो तेव्हा आपल्याकडे साडेनऊ, साडेदहा झालेले असतात. त्यामुळे पहिली कँडल पंधराच मिनिटांत संपते आणि दुसरी 9:30 ला उघडते. तिन्ही रीतींत दिवसाच्या कँडल सातच होतात. नुसत्या मोजून फरक कळत नाही तो यामुळेच.

समजा, एक शेअर 500 ला उघडला, लगेच 499 ला टेकून 9:24 ला 508 वर गेला. साडेनऊला 503, दहाला 506, सव्वादहाला 501 आणि साडेदहाला 500. साडेनऊनंतर तो 506 च्या वर गेला नाही. आता पहिल्या रीतीची पहिली कँडल बघा: उघडली 500 ला, मिटली 501 ला. इवलीशी बॉडी आणि वर सात रुपयांची लांब विक. वरच्या भावाला विकणारे बसलेत, असं ती सांगते. ठोक्यावर तोडलेली तीच सकाळ 500 वरून 506 ला मिटते: दमदार हिरवी कँडल, तेजीवाल्याला हुरूप देणारी. यूटीसीवाल्या चार्टवर आधी एक छोटी हिरवी आणि मग 503 वरून 500 ला उतरलेली लाल. एकही सौदा बदललेला नाही. पण कँडलचा आकार बघून खरेदी करणाऱ्या तिघांचे तीन निर्णय होतील. ‘तासाच्या चार्टवर शूटिंग स्टार दिसला’ हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. तास कुठून धरला ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उघडण्याच्या भावातही अशीच गोम आहे. 9 वाजता प्री-ओपन सत्र सुरू होतं आणि त्यातल्या लिलावातून दिवसाचा ओपन भाव ठरतो. दैनिक कँडल तो भाव घेते. एक मिनिटाची पहिली कँडल मात्र काही चार्टवर 9:15 नंतरच्या पहिल्या सौद्यापासून सुरू होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

फीडचा फरक मात्र वेगळा. प्रत्येक सौदा तुमच्या अॅपपर्यंत पोचतोच असं नाही. बहुतेकदा ठरावीक अंतराने बाजाराची त्या क्षणाची स्थिती येते. दोन स्थितींच्या मधे 508.40 ला एखादा सौदा होऊन भाव खाली आला, तर तो मिनिटाच्या कँडलमधून निसटतो. हे पकडायची खूण सोपी आहे. भावाच्या चौकटीत दिवसाचा हाय 508.40 दिसतो, कारण तो आकडा एक्स्चेंजकडून तयार येतो. पण चार्टवरची एकही मिनिटाची कँडल तिथवर गेलेली नसते. नंतर ब्रोकरने पूर्ण डेटा भरला आणि तुम्ही चार्ट पुन्हा उघडला, तर तीच विक उंच झालेली सापडेल. तुमचा स्टॉप लॉस 508.30 ला असेल तर तो उडालेला असतो, चार्टवर काहीही दिसो. ऑर्डर चार्टवर नाही, एक्स्चेंजवर बसलेली असते.

म्हणून दोन चार्ट जुळत नसतील, तर ब्रोकरला दोष देण्याआधी दोन्हीकडे 15 मिनिटांच्या कँडल लावा. 9:15 ही वेळ आपल्या घड्याळात आणि यूटीसीत, दोन्हीकडे पाव तासाच्या रेषेवरच पडते. त्यामुळे तिन्ही रीतींत या कँडल एकाच जागी तुटतात. त्या जुळल्या आणि तासाच्या जुळल्या नाहीत, तर फरक तोडण्याचा आहे. त्याही थोड्या पैशांनी हलल्या, तर फीडचा. आणि तुमची पद्धत तासाच्या चार्टवर तपासलेली असेल, तर ज्या रीतीच्या कँडलवर तपासली त्याच रीतीच्या चार्टवर ती वापरा.