न्याहारीनंतरची दहा मिनिटे

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणी तरी सदस्य आरोग्यावर बोलतो. गुडघे, साखर, मोतीबिंदू हे विषय झाले. पोट साफ होण्याचा विषय मात्र कोणी घेत नव्हते. बैठक संपल्यावर जिन्यात सगळे त्याविषयीच कुजबुजत, म्हणून यंदा तो मी मागून घेतला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने वैद्यकावर बोलावे हे थोडे धाडसाचेच. म्हणून परिचयातील एका फिजिशियनकडे दोन वेळा बसून मुद्दे तपासून घेतले. त्या भाषणाचा हा विस्तारित भाग.

पहिली गोष्ट अशी की, शौचास रोज झालेच पाहिजे असा नियम शरीरशास्त्रात नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सारे स्वाभाविक मानले जाते. मात्र मळ मऊ असावा आणि जोर लावावा लागू नये. एक दिवस चुकला की चूर्णाची पुडी उघडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना खरी गरज चूर्णाची नसते, वेळेची असते.

मोठ्या आतड्याला स्वतःचे घड्याळ आहे. रात्री ते जवळजवळ निजलेले असते. सकाळी आपण उठलो की हालू लागते आणि पोटात पहिले अन्न, विशेषतः गरम पेय पडले की त्याला आणखी चालना मिळते. न्याहारीनंतरच्या अर्ध्या तासात येणारी ही हाक बहुधा दिवसातली सर्वांत जोरकस असते. ती दाबली तर थोड्या वेळाने विरते. मळ आतच राहतो, आतडे त्यातील पाणी शोषत राहते आणि तो घट्ट होतो. असे वर्षानुवर्षे चालले तर गुदाशय ताणाला सरावतो व हाकच मंद येऊ लागते.

आता आपल्या व्यापारी घरांत ही हाक कशी दाबली जाते ते पाहा. माझे एक जुने खातेदार, वय 74, घाऊक किराण्याचे दुकान. सकाळी दर्शन, मग नवकारशी, सव्वाआठला चहा-खाखरा आणि साडेआठला मुलाच्या स्कूटरवर मागे बसून दुकान. नेमकी हाक येई ती गल्ल्यावर बसल्यानंतर. शौचालय साऱ्या ओळीचे मिळून एक, मागच्या जिन्यावर. त्यात समोर गिऱ्हाईक उभे. काका थांबत. संध्याकाळपर्यंत इच्छा मरून जाई. चौथ्या दिवशी ते सोनामुखीचे चूर्ण घेत, मग मध्यरात्री पोटात मुरडा, दुसऱ्या दिवशी पातळ जुलाब, आणि पुन्हा तीन दिवस कोरडे. पोट रिकामे झाल्यावर एक-दोन दिवस शौचास न होणे साहजिकच असते; ते मात्र त्यालाच बद्धकोष्ठ समजत.

डॉक्टरांनी प्रथम त्यांच्या गोळ्या पाहिल्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी रोज चालू होती. दोन्हींनी मळ घट्ट होऊ शकतो. रक्त तपासून लोहाची गोळी त्यांनी बंद केली. (आपण होऊन कोणी करू नये.) मग दिनक्रमात एवढाच बदल सांगितला: न्याहारी आठला, आठ-वीसला शौचालयात दहा मिनिटे बसायचे, हाक आलेली असो वा नसो, आणि दुकान नऊला. दहा मिनिटांत काही झाले नाही तर उठायचे, कुंथायचे नाही. कुंथल्याने मूळव्याध बळावते, आणि म्हातारपणी रक्तदाब एकाएकी उतरून तिथेच भोवळ येऊ शकते. काकांनी जुन्या चोपडीत तारीख, वेळ, घट्ट की मऊ असे लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दोनच नोंदी आहेत. चौथ्या आठवड्यात पाच, आणि त्या सगळ्या साडेआठच्या आतबाहेरच्या.

बसण्याची रीतही त्यांनी बदलली. उकिडवे बसल्यावर गुदाशयाची वाट सरळ होते. कमोडवर ती जरा वाकलेली राहते. गुडघे दुखतात म्हणून कमोड सोडता येत नाही, हे खरे. पण पायाखाली सहा ते आठ इंच उंचीचे स्टूल घेऊन थोडे पुढे वाकले की बराचसा तोच लाभ मिळतो. आपला जेवणाचा पाट त्यासाठी फार बुटका पडतो. प्लॅस्टिकचे छोटे, न घसरणारे स्टूल घ्यावे, आणि उठण्यापूर्वी ते पायाने बाजूला सारावे, नाही तर त्यातच पाय अडकायचा.

स्त्रियांची अडचण निराळी. एकच शौचालय, सकाळी नोकरीला जाणारी सून, शाळेची मुले. घरातील आजी सर्वांचे आटोपेपर्यंत थांबतात. हे घरात स्पष्ट बोलून वीस मिनिटे राखून घ्यावीत, यात संकोच कसला?

आता पाण्याचे. चौविहार पाळणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास, त्यानंतर 48 मिनिटांनी नवकारशी, आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे पाणी पिण्यास जेमतेम दहा तास मिळतात. वयोमानाने तहानही कमी लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता नवकारशीनंतर एक-दोन पेले कोमट पाणी, आणि मग सुमारे दीड तासाने एकेक पेला असे वाटून प्यावे. लघवी फिकट असली की पुरेसे झाले. त्याहून जास्त पाण्याने मळ मऊ होत नाही, फक्त लघवीच्या फेऱ्या वाढतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच माप पाळावे.

इसबगोलाची सवय अनेकांना निजताना घेण्याची. चौविहार असेल तर ते सूर्यास्तापूर्वी तासभर आधी घ्यावे: एक चहाचा चमचा भरलेल्या पेल्यात ढवळून लगेच, आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. अपुऱ्या पाण्यात ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते. गिळण्यास त्रास असणाऱ्याने घेऊच नये.

आठम-चौदसला हिरवी भाजी नसते, चातुर्मासात पालेभाजीही जाते. मग ताटात गट्टे, कढी, पापड येतात. बेसन सोललेल्या डाळीचे, पापड सालाविना, म्हणून चोथा घटतो. त्या दिवशी भिजवलेले, मोड न आणलेले अख्खे मूग, मटकी किंवा हरभरे सालासकट शिजवावेत. 100 ग्रॅम शिजलेल्या मुगात सुमारे 7 ग्रॅम चोथा मिळतो. दिवसाची गरज 25 ग्रॅमच्या आसपास असते. सवय नसेल तर अर्ध्या वाटीपासून वाढवत न्यावे, एकदम वाढवल्यास पोट फुगते.

सभेत एका भगिनींनी विचारले, की सासूबाईंना आठवडाभर शौचास झाले नव्हते आणि आता सारखे थोडे थोडे पातळ गळते, म्हणून जुलाब थांबवण्याची गोळी द्यावी का? मुळीच नाही. घट्ट गोळा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. गोळीने तो अधिकच अडकेल. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मळात रक्त, डांबरासारखा काळा रंग, कारणाविना उतरणारे वजन किंवा साठीनंतर काही आठवड्यांत अचानक बदललेली सवय, यांत घरगुती उपाय करीत बसू नये. पोट फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.