हॉलचा पत्ता नेमका कुणासाठी?

भाचीच्या निकाहचा दावतनामा छापून आला, तेव्हा दुल्हाभाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवायचा पत्त्याचा मेसेज लिहायचं काम माझ्याकडे दिलं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून असली कामं घरात माझ्याच वाट्याला येतात. त्यांनी सांगितलेला मजकूर एका ओळीचा होता: हॉलचं नाव आणि पुढे 'दर्ग्याजवळ, धाराशिव'.

ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आपल्या गावात कुणाला माहीत नाही? पण 'जवळ' हा शब्द गावातल्या माणसाला पुरतो, बाहेरच्याला नाही. तो दर्ग्यापर्यंत येईल आणि तिथून फोन करायला लागेल. म्हणून खूण अशी हवी, जी हॉलच्या फाटकात उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसते. आमच्या हॉलसमोर रस्त्याच्या पलीकडे पाण्याची उंच टाकी आहे. मात्र आदल्या रात्री मेहंदीला येणाऱ्यांना ती अंधारात दिसणार नव्हती. टाकीला लागूनच असलेल्या पेट्रोल पंपाचे दिवे रात्री लांबून दिसतात, म्हणून पंपही लिहिला. दुकानाची पाटी किंवा होर्डिंग खूण म्हणून घेतलं नाही, कारण ते महिन्याभरात बदलू शकतं.

खरा पेच फाटकांचा होता. मर्दाना मोठ्या रस्त्यावरच्या फाटकातून, जनाना मागच्या गल्लीतल्या फाटकातून. दावतनाम्यावर यातलं काहीच नव्हतं. पाहुणे काही असे वेगवेगळे येत नाहीत. सोलापूरची खाला, तिच्या सुना आणि मुलगा एकाच गाडीतून येणार, आणि गाडी भाड्याची असली तर चालवणारा दावतीतला माणूसही नसतो. खालाचे गुडघे गेलेत. ती पुढच्या फाटकावर उतरली, तर हॉलला वळसा घालून उन्हात चालत जाणार. म्हणजे हा मेसेज पाहुण्यासाठी कमी आणि गाडी चालवणाऱ्यासाठी जास्त. त्याला ज्या क्रमाने गाडी न्यायची आहे, त्याच क्रमाने तो लिहायला हवा: आधी जनाना, मग मर्दाना.

नकाशाच्या पिनचंही असंच असतं. हॉलचं नाव शोधून पाठवलेली पिन बहुधा इमारतीच्या मधोमध असते, आणि नकाशा गाडीला तिच्या जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. तो रस्ता पुढचा असेल की मागची गल्ली, हे आपल्या हातात नाही. म्हणून मी प्रत्येक फाटकात उभं राहून नकाशावर फाटकाच्या जागी बोट दाबून धरलं आणि तिथली पिन घेतली. दोन फाटकं, दोन पिना, प्रत्येकीच्या वर तिचं नाव. लाइव्ह लोकेशन यासाठी चालत नाही. ते जास्तीत जास्त आठ तास टिकतं, आणि शिवाय ते हॉलचं नसून पाठवणाऱ्या माणसाचं असतं. तो बाजारात गेला की हॉलही बाजारात जातो.

शेवटी मेसेज असा झाला:

'शहर: धाराशिव (उस्मानाबाद).
खूण: पाण्याची उंच टाकी आणि तिला लागून पेट्रोल पंप. हॉल त्याच्या बरोबर समोर.
तुळजापूरकडून येताना टाकी डावीकडे, हॉल उजवीकडे. बीडकडून येताना हॉल डावीकडे.
१) आधी जनाना: हॉलच्या शेजारच्या गल्लीत वळा, मागचं निळं फाटक. पायऱ्या नाहीत. बायका-मुलांना इथे उतरवा.
२) मग मर्दाना आणि गाड्या: परत मोठ्या रस्त्यावर, हिरवं फाटक.
निकाह दुपारी दोन वाजता.'

शहराची दोन्ही नावं मुद्दाम लिहिली. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, रेल्वे स्टेशनचं २०२५ मध्ये. गुलबर्गा आणि हैदराबादच्या आमच्या बुजुर्गांच्या तोंडी उस्मानाबादच आहे, आणि नव्या पाटीवर ते शोधूनही सापडत नाही. डावं-उजवंही नुसतं लिहून भागत नाही, कुठून येताना ते सांगावं लागतं.

उर्दू मेसेज वेगळा केला. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत फोन नंबर किंवा पिनची लिंक मध्येच आली, की वाचताना क्रम उलटसुलट दिसतो. म्हणून ही दोन्ही स्वतंत्र ओळींवर ठेवली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर बोलून पाठवला.

पाठवण्याआधी तो लातूरच्या भाच्याला दिला. त्याने हॉल कधी पाहिला नव्हता. अट एकच, फोन करायचा नाही. तो निळ्या फाटकावर बरोबर पोचला. पण गल्ली टाकीच्या आधी की नंतर, हे कळायला त्याला थांबावं लागलं. मग 'हॉल संपल्यावर लगेचची गल्ली, तुळजापूरकडून येताना' एवढे शब्द वाढवले.

तळाशी फोन नंबर दुल्हाभाईंचा दिला नाही. निकाहच्या वेळी मुलीचा बाप काझींजवळ बसलेला असतो, त्याने फोन कसा उचलायचा? नंबर त्या भाच्याचा दिला, आणि त्या दुपारी दोन्ही फाटकांमधल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं काम त्याच्याकडे सोपवलं.