नानीचे दोनच उपाय आणि नातीची सिरमची फळी

माझ्या अम्मीची, म्हणजे मुलीच्या नानीची, चेहऱ्याची निगा दोनच गोष्टींत संपते. पहिली म्हणजे पाणी. वुजूच्या निमित्ताने दिवसातून पाच वेळा तिच्या चेहऱ्याला पाणी लागते. रात्री इशाच्या आधी एकदाच ती सौम्य साबण लावते. दुसरी म्हणजे ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन आणि तीन भाग गुलाबपाणी एका छोट्या बाटलीत मिसळून ठेवलेले असते. इशाची नमाज झाली की ती चेहऱ्यावर पुन्हा थोडे पाणी फिरवते, मऊ कपड्याने टिपते आणि चेहरा ओलसर असतानाच चार थेंब चोळते. कोरड्या चेहऱ्यावर ती ते कधीच लावत नाही. का, असे विचारले तर म्हणते, "कोरड्यावर लावलं की नुसतं चिकट होतं."

माझी मुलगी पुण्याला शिकते. गेल्या ईदच्या सुट्टीत ती खेडला नानीकडे आली तेव्हा तिच्या बॅगेतून सहा बाटल्या निघाल्या आणि आरशाखालच्या फळीवर ओळीने लागल्या. सकाळी व्हिटॅमिन सीचे सिरम, त्यावर दहा टक्के नायसिनामाइड. संध्याकाळी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, मग ग्लायकोलिक ॲसिडचे टोनर, मग रेटिनॉल आणि शेवटी एक क्रीम. तीन आठवड्यांपूर्वी एकाच दिवशी मागवलेल्या या वस्तू तिने एकाच दिवशी सुरू केल्या होत्या. हनुवटीवरच्या मुरमांसाठी हा सगळा खटाटोप होता.

दुसऱ्या दिवशी फजरला ती वुजू करताना चेहऱ्यावर पाणी घेताच कळवळली. नानीचे लक्ष होते. तिने नातीला उजेडात नेऊन गालांवरून बोट फिरवले. गाल लालसर, ताणलेले, मेणासारखे चकाकणारे आणि त्यावर बारीक पुरळ.

"मुरमं तर हनुवटीला होती ना? मग हे गालावर काय?" नानीने विचारले.

"नानी, याला पर्जिंग म्हणतात. आधी आतलं सगळं बाहेर येतं, मग चेहरा साफ होतो."

"बेटा, साधं पाणी झोंबतंय म्हणजे वरची कातडी राहिली नाही. साफ व्हायला चेहरा तरी शिल्लक हवा!"

मी तिला चिपळूणला त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळ्या बाटल्यांची नावे वाचली आणि नानीचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत सांगितले. त्वचेचा सर्वांत वरचा थर आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीसारखा असतो, असे त्या म्हणाल्या. मृत पेशी हे चिरे आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. ही भिंत आतले पाणी आत धरते आणि बाहेरची जळजळ बाहेर ठेवते. ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड पेशींची पकड सैल करतात, रेटिनॉल पेशींची उलाढाल वाढवते. यातले एक, बेताने वापरले तर भिंतीला वेळ मिळतो. सगळी एकदम आली तर चुना भरून येण्याआधीच निघत राहतो.

पर्जिंगही खरे असते, असे त्यांनी सांगितले. पण ते ओळखायची खूण आहे. जिथे नेहमी मुरमे येतात तिथेच ती थोड्या दिवसांसाठी वाढतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरतात. आधी कधी पुरळ नव्हते तिथे ते आले, त्यासोबत जळजळ आणि ताण असला, साधे क्रीम किंवा पाणीही झोंबू लागले, तर ती त्वचेची तक्रार समजायची आणि थांबायचे.

औषध असे फारसे काही दिलेच नाही. सहाही बाटल्या बंद. दोन वेळा सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावर साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. त्वचेचा वरचा थर नव्याने घडायला सुमारे चार आठवडे लागतात, म्हणून तेवढा काळ दुसरे काहीही नाही. वुजूनंतर चेहरा खसाखसा पुसायचा नाही, टिपायचा.

घरी आल्यावर नानीने चष्मा लावून नव्या मॉइश्चरायझरची ट्यूब नातीकडून वाचून घेतली. घटकांच्या यादीत जे जास्त असते ते आधी लिहितात, हे मुलीला ठाऊक होते. पहिले नाव पाण्याचे निघाले, दुसरे ग्लिसरीनचे. नानी काही बोलली नाही. उठून आपली बाटली आणली आणि ट्यूबशेजारी ठेवली. मुलगी पोट धरून हसली.

मात्र नानीचे सगळेच बरोबर, असेही नव्हते. गालांवर खोबरेल तेल लावायचा तिचा आग्रह मुलीने मानला नाही आणि ते योग्यच होते. मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल रंध्रे बुजवते. शिवाय नानीच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग आहेत. ऐन उन्हात मासे आणि आंबोशी वाळत घालण्यात तिची कित्येक वर्षे गेली. वांग होण्यामागे बाळंतपण, अंगचा कल अशी इतरही कारणे असतात, पण ऊन तो गडद करते, आणि तिच्या दोन उपायांत उन्हावर काहीच नव्हते. ते नातीच्या फळीवर हवे होते आणि तिथेही नव्हते. ॲसिड आणि रेटिनॉल वापरणाऱ्याला तर उन्हापासून अधिकच जपावे लागते.

आता सनस्क्रीन दोघी लावतात. तीस किंवा त्याहून जास्त एसपीएफचे, दोन बोटांवर उभ्या रेघा भरतील एवढे. वुजूच्या पाण्याने ते बरेचसे निघून जाते, म्हणून जोहरच्या नमाजनंतर उन्हात जायचे असेल तर पुन्हा लावायचे. त्याचा थर राहून वुजूत अडचण येईल अशी शंका नानीला होती. म्हणून ती वुजूआधी चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन घेते.

तिसऱ्या आठवड्यात मुलीला पाणी झोंबायचे थांबले. पाचव्या आठवड्यात गाल पूर्ववत झाले. हनुवटीवरची मुरमे मात्र होतीच, कारण ग्लिसरीनने मुरमे जात नाहीत. त्यासाठी डॉक्टरबाईंनी सहांपैकी एकच बाटली परत दिली, रेटिनॉलची. आधी कानामागे थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहायचे. मग आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढे, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, आणि वरून मॉइश्चरायझर. चार आठवडे त्रास झाला नाही तरच रात्री वाढवायच्या. लग्नानंतर दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हा ते बंद करायचे, हेही त्यांनी आठवणीने बजावले.

नायसिनामाइडचे काय, असे मुलीने विचारले होते. ते वाईट नाही, पण दोन ते पाच टक्क्यांत काम होते, दहाची गरज नसते, आणि एका वेळी एकच नवी वस्तू, असे उत्तर मिळाले. म्हणून ती बाटली अजून पुण्याच्या खोलीत बंदच आहे. परवा फोनवर नानीने विचारले, "आता रात्री काय काय लावतेस?" मुलगी म्हणाली, "सोमवारी आणि गुरुवारी तीन गोष्टी. बाकीच्या रात्री तुझ्यासारख्या दोनच."