दोन रेषा, एक उतार

पाऱ्याच्या दिव्यातून जंबूपार ३६५ नॅनोमीटर आणि निळी ४३६ नॅनोमीटर अशा दोन रेषा गाळून घ्याव्यात आणि सीझियमच्या पृष्ठभागावर टाकाव्यात. समजा, इलेक्ट्रॉनचा प्रवाह थांबवायला पहिल्या रेषेला १.२६ व्होल्ट आणि दुसरीला ०.७१ व्होल्टचा विरोधी दाब लागला. प्रकाशविद्युत परिणामाचं अख्खं गणित या दोन आकड्यांत दडलेलं असतं.

बारावीचे बरेच विद्यार्थी थेट आलेख काढायला बसतात आणि आडव्या अक्षावर तरंगलांबी घेतात. तिथेच घोटाळा होतो, कारण सरळ रेषा मिळते ती वारंवारितेशी: eV₀ = hν − φ. म्हणून आधी १२४० भागिले तरंगलांबी करून फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये काढावी. ती ३.४० आणि २.८४ येते. थांबवणारा दाब जितके व्होल्ट, तितके इलेक्ट्रॉनव्होल्ट ही सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा. वजाबाकी केली की दोन्ही वेळा कार्यफलन सुमारे २.१४ मिळतं. उंबरठा तरंगलांबी १२४० भागिले २.१४, म्हणजे जवळपास ५८० नॅनोमीटर. वारंवारिता सुमारे ५.२ × १०^१४ हर्ट्झ. तांबडा प्रकाश कितीही प्रखर केला तरी त्याचा एकेक फोटॉन इथे अपुराच पडतो.

पुस्तकातलं गणित इथे संपतं. प्रयोगशाळेतलं मात्र संपत नाही.

इलेक्ट्रॉन सोडणारी आणि गोळा करणारी पट्टी वेगवेगळ्या धातूंची असते. तारेनं जोडताच त्यांच्यात आपोआप विभवाचा फरक, म्हणजे स्पर्शविभव, तयार होतो आणि प्रत्येक वाचनात मिसळतो. समजा, त्यानं दोन्ही वाचनं ०.३ व्होल्टनं कमी दाखवली: ०.९६ आणि ०.४१. दोन्हींतला फरक तोच राहिला, म्हणून उतार आणि त्यातून निघणारा प्लांकचा स्थिरांक शाबूत. कार्यफलन मात्र २.४४ येतं आणि उंबरठा ५०८ नॅनोमीटरवर सरकतो.

ही चूक पकडायची कशी? दिव्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा टाकावी. नव्या हिशेबाप्रमाणे तिनं एकही इलेक्ट्रॉन सुटू नये. पण गोळा करणाऱ्या पट्टीला थोडा धन दाब दिला की प्रवाह सुरू होतो. मग धातूचा उंबरठा खरा मानायचा आणि आलेखाचा छेद दुरुस्त करायचा.

रॉबर्ट मिलिकनला हे नेमकं ठाऊक होतं. सोडियम आणि लिथियमचे पृष्ठभाग त्यानं निर्वातातच खरवडून ताजे केले, स्पर्शविभव वेगळं मोजलं आणि १९१६ साली आइन्स्टाइनच्या १९०५च्या समीकरणाचा उतार काढला. त्याचा स्थिरांक ६.५७ × १०^−३४ ज्यूल-सेकंद होता, आजचा ६.६२६ आहे.

म्हणून गणितात कार्यफलन मागितलं असेल, तर दिलेला दाब स्पर्शविभवाची दुरुस्ती करून दिलाय असं गृहीत आहे, हे उत्तराशेजारी एका ओळीत लिहावं.