माठाला घाम येतो

बी.एड.ला जाण्याआधी मी इंदूरच्या एका खासगी शाळेत चार वर्षं विज्ञान शिकवलं होतं. पदवी नसली तरी शिकवता येतं याचा मला माज होता. त्यामुळे वेळापत्रकात ‘सूक्ष्म अध्यापन’ दिसलं तेव्हा वाटलं, सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच दहा वर्गमित्र शाळकरी मुलं झालेले. खेळच हा.

खेळाचे नियम मात्र कडक होते. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत टाचण नव्यानं लिहायचं, सहा मिनिटं तोच पाठ पुन्हा आणि शेवटी सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटं. १९६३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हे सुरू झालं तेव्हा समोर खरी शाळकरी मुलं असत आणि शिक्षकाला स्वतःचा पाठ व्हिडिओवर पाहता येई. आपल्याकडे एन.सी.ई.आर.टी.नं बसवलेल्या पद्धतीत कॅमेऱ्याच्या जागी निरीक्षण पत्रक आलं आणि मुलांच्या जागी सहाध्यायी. या दुसऱ्या बदलाची किंमत काय, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

माझ्या वाट्याला आलं होतं शोधक प्रश्नांचं कौशल्य. मुलानं उत्तर दिलं की ते तिथंच सोडायचं नाही. उत्तर आलंच नाही किंवा चुकलं तर आधार देणारा प्रश्न विचारायचा, अर्धवट असेल तर आणखी बोलतं करायचं, बरोबर असेल तर ‘कशावरून?’ म्हणायचं. तोच प्रश्न दुसऱ्याकडे वळवणं हाही त्याचाच एक भाग. मागच्या बाकावर दोघं निरीक्षक पत्रक घेऊन बसत आणि प्रत्येक प्रकारासमोर उभ्या रेघा ओढत.

विषय मी निवडला माठाचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये घरोघरी बोलला जाणारा विषय. वर्ग हिंदीतून चाले.

“मटके में पानी ठंडा क्यों रहता है?”

पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मिट्टी ठंडी होती है, मैडम.”

“नहीं. बैठो. तुम बताओ.”

दुसऱ्यानं काहीतरी सांगितलं, तेही नाही. तिसरी म्हणाली, “वाष्पीकरण.” मी “शाबाश” म्हणून फळ्यावर शब्द लिहिला आणि उरलेली चार मिनिटं छान समजावून सांगितलं. घंटी वाजली तेव्हा मी खूश होते.

पत्रकात ‘प्रश्न दुसऱ्याकडे वळवणे’ या ओळीत तीन रेघा होत्या. बाकीच्या ओळी कोऱ्या. आमचे सर फारसे बोलत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, “मिट्टी ठंडी होती है, हे तो का म्हणाला असेल?” (सर देवासचे, माझ्याशी मराठीत बोलत.)

मला उत्तर देता येईना. कारण मी ते ऐकलंच नव्हतं. ‘वाष्पीकरण’ हा शब्द येईपर्यंत मी माणसं बदलत होते, बस. आणि मग, नको त्या वेळी, शाळेतला एक मुलगा आठवला. सातवीतला. याच प्रश्नावर तो म्हणाला होता, “मटके को पसीना आता है.” वर्ग हसला, मीही हसले. त्यानंतर वर्षभर त्यानं हात वर केल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मला ते जाणवलंही नव्हतं.

बारा मिनिटं होती. मी आधीचं टाचण बाजूला ठेवलं आणि नव्या कागदावर वर फक्त तेवढंच लिहिलं: माती थंड असते. या उत्तरातून पुढे कसं जायचं? माती थंड असेल तर चिनी मातीच्या बरणीतही पाणी गार व्हायला हवं. होतं का? नाही. मग दोन्हींत फरक काय? बरणीला चकचकीत लेप असतो, माठाला छिद्रं असतात. माठाला बाहेरून हात लावला तर काय लागतं? ओल. ती ओल कुठे जाते? चुकीचं उत्तर पायरी पायरीनं थेट बाष्पीभवनापाशी येत होतं. चार वर्षांत मी असं टाचण एकदाही लिहिलं नव्हतं. मी लिहीत असे ते मी काय सांगणार याचं.

पुन्हा शिकवताना गट बदलतात. नव्या गटाला मी उत्साहानं प्रश्न विचारला आणि पहिलाच म्हणाला, “वाष्पीकरण.” माझी बरणी तशीच राहिली. क्षणभर हात थांबला. मग पत्रकातला ‘बरोबर असेल तर’ आठवला आणि विचारलं, “वाष्पीकरण से ठंडक कैसे आती है?”

शांतता. समोर विज्ञानाचे पदवीधर बसले होते. एक म्हणाला, हवा लागते म्हणून. मी विचारलं, पंख्याखाली कोरडा माठ ठेवला तर? तो गप्प. मग एक जण हळूहळू म्हणाली की पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. “ती कुठून येते?” “उरलेल्या पाण्यातून?” तिचं उत्तरही प्रश्नासारखंच आलं. मी पावसाळ्याचं विचारलं, जुलैमध्ये माठ का गार पडत नाही? हवेतच ओल असते, म्हणून बाहेरची ओल लवकर सुकत नाही. इथे घंटी वाजली. फळ्यावर मी एक शब्दही लिहिला नव्हता.

त्या पत्रकावर रेघा भरपूर होत्या. तेव्हा मला त्यांचा आनंद झाला. आता मीच मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसते आणि रेघांवर माझा तितका भरवसा उरलेला नाही. हुशार विद्यार्थी-शिक्षक आठवड्याभरात रेघा कमवायला शिकतो. ‘कशावरून?’ आणि ‘आणखी सांग’ ठरावीक अंतरानं पेरत जातो, उत्तर काहीही येवो. ओळखायचं कसं? त्याच्या पुढच्या प्रश्नात मुलाच्या उत्तरातला एखादा शब्द आहे का, ते मी पाहते. नसेल तर प्रश्न घरूनच आलेला असतो.

दुसरी अडचण सहाध्याय्यांची. त्यांना उत्तरं येतात आणि मित्राचा पाठ बिघडवायचा नसतो. मुद्दाम चुका करायला सांगितलं तर ते वेडगळ काहीतरी बोलतात, खऱ्या मुलाच्या चुकीत जो विचार असतो तो त्यात नसतो. म्हणून मी चिठ्ठ्या करते. वर्षानुवर्षं शाळांतल्या सराव पाठांना ऐकलेली उत्तरं त्यांवर लिहिलेली असतात. पाठ सुरू होण्याआधी दोघातिघांच्या हातात एकेक चिठ्ठी, शिकवणाऱ्याला न कळू देता.

गेल्या वर्षी माठाचाच पाठ होता. एका मुलीला चिठ्ठी दिली, ‘मटके को पसीना आता है.’ तिनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि पाठ सुरू व्हायच्या आत माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “मैडम, इसमें ग़लत क्या है?”