खालाच्या पाटीवरचे तीन च

कर्जतहून येणारा रस्ता जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो, त्या गावाचं नावच चौक. तालुका खालापूर. माझी शाळा खालापूरच्या बाजूला आणि घर कर्जतला, त्यामुळे रोज येता-जाता चौकला गाडी बदलावी लागते. एसटीच्या थांब्यापासून दहा पावलांवर माझ्या आईच्या लांबच्या बहिणीची, म्हणजे आमच्या खालाची चहाची टपरी आहे. खालू होते तोवर ते भट्टीपाशी आणि खाला आत पातेली घासायला असायची. ते गेल्यावर ती बाहेर आली. टपरीला नाव नव्हतं, पाटी नव्हती. लागतही नव्हती, कारण आजूबाजूला दुसरा चहाच नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या पलीकडे एक दुकान उघडलं. पुण्याकडून आलेल्या 'अमृततुल्य'च्या धर्तीवरचं, रात्री आतून उजळणारी पाटी लावलेलं. महिनाभरात खालाचं दूध दहा लिटरवरून सहावर आलं. मग तिचा मुलगा मला म्हणाला, "आपा, शाळा सुरू व्हायच्या आत आपलीपण पाटी पाहिजे. नाव नको, एक कडक ओळ पाहिजे. लोकांच्या तोंडात बसेल अशी."

ओळ त्याने आधीच तयार केली होती. "चौकचा चवदार चहा."

कागदावर पाहिली तर नाव ठेवायला जागा नाही. तीन शब्द, तिन्हींची सुरुवात च ने, शिवाय 'चौकचा'च्या शेवटी आणखी एक च. दहावीच्या मुलांना अनुप्रासाचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहून द्यावी अशी. खालाने ती मोठ्याने म्हणून पाहिली आणि खूश झाली. मीही "छान आहे" म्हणून चहा प्यायले. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एसटीच्या कंडक्टरांनी कागद घेऊन वाचला, आणि माझा कप हातातच राहिला. त्यांच्या तोंडी ओळ वेगळीच होती. "त्सौकचा त्सवदार" इथपर्यंत सगळं एका जातीचं, आणि मग "चहा". ज्या शब्दासाठी सगळी उठाठेव, तोच पंगतीबाहेर बसलेला.

मराठीत च दोन आहेत. एक तालव्य, जीभ टाळूला लावून म्हणायचा. चहा, चार, चिंता, चेहरा, चर्चा यांतला. दुसरा दंततालव्य, जीभ दातांच्या मागे नेऊन, जवळजवळ 'त्स' सारखा. चव, चूल, चमचा, चौक, चटका यांतला. लिहिताना दोघांना एकच अक्षर, त्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत कधी दुसऱ्याखाली नुक्ता देतात, पण पाटीवर नुक्ता कोण काढतो? ढोबळ नियम असा की पुढे इ किंवा ए असेल तर च तालव्य, चंद्र किंवा चर्चासारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य, आणि रोजच्या घरगुती शब्दांत बहुधा दंततालव्य. 'चार' हा घरगुती असूनही तालव्य राहिला. 'चहा' तर परदेशातून आलेला पाहुणा.

उर्दूत मात्र एकच 'चे' आहे, तालव्य. ज्याच्या घरी उर्दू आणि शाळाही उर्दू, त्याच्या जिभेला दुसरा च भेटतच नाही. (आमच्यातल्या कोकणी बोलणाऱ्यांना ही अडचण येत नाही, ते चूल म्हणतात ती चुलीसारखीच.) खालाच्या तोंडी त्या ओळीतले तिन्ही च सख्खे भाऊ होते. गिऱ्हाइकांच्या तोंडी दोन सख्खे आणि एक सावत्र.

मला हे इतकं चटकन ऐकू आलं त्याला कारण आहे. बीएडच्या सराव पाठात मी महाडच्या चवदार तळ्यावर शिकवत होते. 20 मार्च 1927, बाबासाहेबांचा सत्याग्रह, सगळी टिपणं पाठ. पहिल्याच वाक्यात मी 'चवदार' असं म्हटलं की तो 'चहा'तला च निघाला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. विषय काय आणि हसू कशाचं! त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून जीभ दातामागे नेत 'चव, चव, चव' म्हणत बसले होते. आज माझ्या उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच चूल आणि चिमणी शेजारी शेजारी म्हणायला लावते.

म्हणून खालाला सांगणं जड गेलं. तिने विचारलंच, "म्हणजे मी चुकीचं बोलते का?" मी म्हटलं, "तू चुकीचं बोलत नाहीस. तुझ्या तोंडी ही ओळ जमते, त्यांच्या तोंडी जमत नाही. आणि पाटी वाचणार ते." मुलाचं म्हणणं, लोक वाचतात कुठे, बघतात. त्यात तथ्य आहे. पण त्यालाच तर तोंडात बसणारी ओळ हवी होती, आणि तोंडात अक्षर बसत नाही, आवाज बसतो.

मग आम्ही शब्द शोधायला बसलो. सगळे च तालव्य घेता येतील का ते आधी पाहिलं. "चिंता सोडा, चहा घ्या." दोन्ही तोंडांत नीट बसते, पण खाला म्हणाली, चिंता हा शब्द माझ्या टपरीवर नको, आधीच पुष्कळ आहे. 'चवदार' काढून 'चैतन्यदायी' घातलं तर च जुळतो, पण तो चहा काढ्यासारखा लागतो. ही समानार्थी शब्दांची गोम आहे. अर्थ जवळचा असतो, पण शब्द कुठे उठतो-बसतो ते वेगळं असतं. चैतन्य भाषणात असतं, बाकड्यावर नसतं.

मुलाने 'कडक कटिंग' काढलं. क दोन्ही भाषांत एकच, आवाजाला ठसका आहे, आणि शब्दही चहाच्या गाडीवरचेच. पण 'चौकचा कडक कटिंग' की 'चौकची कडक कटिंग'? मराठीत चहा पुल्लिंगी, उर्दूत चाय स्त्रीलिंगी, आणि कटिंग दोघांच्या मध्ये लोंबकळतं. शिवाय खरी अडचण अशी की खालाचा चहा कडक नाही. तो दुधाळ, आलं आणि गवती चहा घातलेला असतो. कडक वाचून आलेला माणूस पहिल्याच घोटाला फसेल. मी सुचवलेला 'मोहल्ल्याचा मसाला चहा' याच कारणाने गेला. ती मसाला घालतच नाही. पेंटरनेही त्याला नाक मुरडलं. "मॅडम, ल्ल्या म्हणजे एका अक्षरात तीन."

पेंटरचं ऐकायलाच हवं होतं. पत्रा चार फूट लांब, दीड फूट उंच. समोरच्या थांब्यापासून टपरी साधारण तीस फुटांवर. त्याचा हिशोब, दहा फुटांना एक इंच, म्हणजे अक्षराचं अंग तीन इंच तरी हवं. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. त्यामुळे ओळीला पाच इंच लागतात. दीड फुटात दोन ओळी मोकळेपणाने बसतात, तिसरी कोंबावी लागते. आणि अठ्ठेचाळीस इंचांत एका ओळीला दहा-बारा अक्षरं, शब्दांमधली जागा धरून. जोडाक्षर लांबून काळा ठिपका दिसतो. त्याने 'कोपऱ्यावर' हा शब्द तर ऐकूनच नाकारला, कारण ती र ची आडवी रेघ तो नेहमी रफार करून टाकतो आणि मग मास्तर लोक येऊन भांडतात.

खालाची टपरी कशासाठी आहे, हे मला तिच्याच बोलण्यातून सापडलं. कुणी घाईत निघाला की ती म्हणते, "घोटभर तरी घ्या." चहाच्या घोटाला घुटका आहे, भुरका आहे, झुरका आहे. झुरक्याला विडीचा वास येतो, भुरक्याला आवाज येतो. 'घोटभर'मध्ये आग्रह आहे, पाहुण्याला करतात तसा. मुलाने शंका काढली, घोट म्हटलं की आपल्याला गळा घोटणं आठवतं, आपण तर घूँट म्हणतो. खरं आहे, पण पुढे 'भर' लागला की गळा सुटतो.

घोटभरच्या जोडीला थोडा वेळ सांगणारा शब्द हवा होता. 'क्षणभर' चांगला, पण 'क्षणभर विश्रांती' हायवेवर जागोजागी रंगवलेलं आहे, आणि क्ष आमच्या पेंटरला महाग. 'पळभर' कवितेतला. 'घडीभर' दोन्ही भाषांत कळतो, पण मराठी कानाला घडी म्हणजे कपड्याचीही घडी. राहिला 'घटकाभर'. घ ला घ मिळाला, भर ला भर मिळाला, जोडाक्षर एकही नाही. घ असा की उर्दूवाला म्हणो की मराठीवाला, घशातून तसाच येतो.

"घोटभर चहा, घटकाभर बसा."

खालाने लगेच हात वर केला. बाकडं एकच, त्यावर चार माणसं. "बसा लिहिलंस तर उठायचे नाहीत." त्यात मी मास्तरकी करून सांगितलं की जुनी घटका चोवीस मिनिटांची. "एका कटिंगवर चोवीस मिनिटं?" ती म्हणाली आणि पातेलं जोरात ठेवलं.

तेवढ्यात समोर कर्जतची गाडी लागली. मुलाने त्या दिशेला पाहिलं. थांब्याच्या पाटीवर एकच शब्द होता. "आपा, बसा नको. थांबा."

"घोटभर चहा, घटकाभर थांबा." वरची ओळ सहा अक्षरं, खालची सात.

रंगवण्याआधी आम्ही ती पाटीवर खडूने लिहून दोन दिवस टपरीला टेकवून ठेवली. आवडली का, असं कुणालाच विचारलं नाही, कारण तसं विचारलं की सगळे हो म्हणतात. फक्त "जरा वाचून दाखवा, चष्मा नाही" एवढंच खाला म्हणायची. जिथे माणूस अडखळतो किंवा मागे येऊन पुन्हा वाचतो, तिथे शब्द चुकलेला असतो. भाजीवाली मावशी, कॉलेजच्या मुली, आमच्या मशिदीचे बिहारकडचे मौलाना, सगळ्यांनी एका दमात वाचली. मौलाना 'घटका'वर थोडे थांबले, "मतलब घड़ी?" एवढं विचारून पुढे गेले. कंडक्टरांनी वाचली आणि वर म्हणाले, "आमच्या थांब्याची फुकट जाहिरात केलीत."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाटी लागली. पिवळ्यावर लाल. दूध आता आठ लिटर येतं, पण त्यातलं पाटीचं किती आणि पावसाचं किती हे मला सांगता येणार नाही. समोरचं दुकानही चालतं.

परवा एक बाई गाडीतून उतरून पाटी वाचून म्हणाल्या, "घोटभर नको हो, फुल कप द्या." खाला कप भरता भरता म्हणाली, "चव बघा आधी." च तिचा नेहमीचाच होता. बाईंनी कप तोंडाला लावला.