पाटल्या कोणाच्या, पावती कोणाची?

आमच्या समाजात लग्न साधे असते. पांढरी साडी, दोन पुष्पहार, त्रिशरण-पंचशील. तरीही आईबाप लेकीच्या अंगावर एखादा दागिना घालतातच. काही सुधारक बंधू त्याला नुसती हौस म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हुंडा मागणाऱ्याची सोयरीक मोडावी हे खरेच, पण लेकीला दिलेले सोने वेगळे. खोली नवऱ्याच्या नावावर, पगार त्याच्या खात्यात. तिच्या हातात तेवढेच असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन हे पत्नीच्या पूर्ण मालकीचे असते. सासरी ठेवायला दिले म्हणून ते सासरचे होत नाही. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची यादी करून त्यावर वधू-वर दोघांनी सही करायची असते. भोजनाच्या पंगतीचा हिशेब वहीत लिहिणारे आम्ही लोक ही यादी मात्र करत नाही. मग भांडण झाले की दागिना होता, एवढेही सिद्ध करणे जड जाते.

दागिना कोणता घ्यावा यातही मेख आहे. समजा, एका घरी १५ ग्रॅमची बोरमाळ घेतली. दिसायला भरगच्च, पण मण्यांत लाख भरलेली, ती ५ ग्रॅम. दुसऱ्या घरी १० ग्रॅमच्या साध्या पाटल्या. दवाखान्याची वेळ आली आणि दोघी पतसंस्थेत गेल्या, तर सराफ लाख वजा करतो आणि दोघींचे सोने १० ग्रॅमच धरतो. घडणावळ व जीएसटी तर दोघींचेही गेलेलेच, कारण कर्ज सोन्याच्या किमतीवर मिळते, आणि तेही तिच्या एका हिश्श्याइतकेच. पण बोरमाळेची नाजूक घडणावळ सहसा जास्त असते, म्हणून तिचे नुकसान मोठे. यासाठी पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन, २२ कॅरट आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असावा, आणि पावती तिच्या नावाची असावी.

हे कळलेल्या बाया घरखर्चही तसाच बेततात. भिशीचा नंबर लागला की नवरा म्हणतो मोठा टीव्ही घेऊ, ती म्हणते ग्रॅमभर सोने घेऊ. तिला चिकट म्हणतात. पण जुना टीव्ही भंगारवाला किती रुपयांना नेतो ते तिने पाहिलेले असते. पोराची फी भरायची झाली की सोने गहाण पडते, आणि पुढच्या दिवाळीचा बोनस साडीवर जाण्याआधी ते सोडवायला जातो.

इथेच बरेचदा घोटाळा होतो. दागिना तिचा, पण तारणाचा अर्ज नवऱ्याच्या नावाने भरतात. मग कर्ज फिटल्यावर सोने पतसंस्था त्याच्याच हातात देते. म्हणून, भगिनींनो, अर्जावर पहिली सही तुमची असू द्या.